खिडकीतून फाटक दिसत नाही

पाच जण मिळून एक कादंबरी वाचायची ठरवतात. दर आठवड्याला चाळीस-पन्नास पानं वाचायची आणि भेटायचं. पहिल्या भेटीत एक जण म्हणतो, छान आहे, पकड घेते. दुसरी म्हणते, सुरुवात जरा संथ वाटली. तिसऱ्याला दोघांचंही पटतं. चौथ्याला एका पात्राचं वागणं आवडलेलं नसतं. त्यावरून त्याला ओळखीतलं कुणीतरी आठवतं आणि मग उरलेला वेळ त्या ओळखीतल्या माणसाबद्दल बोलण्यात जातो. पाचवी सगळं ऐकून घेते. तासाभराने सगळे उठतात, तेव्हा लक्षात येतं की पुस्तक कुणी उघडलंच नव्हतं.

हे होऊ नये म्हणून लिटरेचर सर्कलमध्ये, म्हणजे एकच पुस्तक वाचून त्यावर बोलणाऱ्या छोट्या गटांत, कामं वाटून द्यायची पद्धत रुजली. हार्वी डॅनियल्स या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांच्या १९९४ सालच्या पुस्तकामुळे ती असंख्य वर्गांत पोहोचली. चार-पाच जणांचा गट, प्रत्येकाला एक काम आणि त्या कामाचा एक कागद. एकाने प्रश्न काढायचे, एकाने वाचून दाखवण्याजोगे उतारे निवडायचे, एकाने पुस्तकाचा आयुष्याशी दुवा जोडायचा, एकाने चित्र काढायचं, कुणी सारांश लिहायचा, कुणी शब्द टिपायचे. पण २००२ साली त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा डॅनियल्स यांनी स्वतःच या कागदांबद्दल सावध केलं. सुरुवातीला आधार म्हणून दिलेले हे कागद अनेक ठिकाणी कायमचे होऊन बसले होते आणि त्यामुळे चर्चा यांत्रिक झाली होती.

चर्चा अशी यांत्रिक का होते, हे एकदा पाहिलं की विसरता येत नाही. पाच जण पाच कागद घेऊन बसतात. पहिला आपला सारांश वाचतो, मग दुसरी आपले प्रश्न वाचते, लोक थोडक्यात उत्तरं देतात, मग तिसरा आपले शब्द वाचतो. एकाचं चाललेलं असताना बाकीचे आपली पाळी येईपर्यंत आपल्याच कागदाकडे बघत असतात. पाचही जणांनी काम केलेलं असतं, प्रामाणिकपणे केलेलं असतं, आणि तरीही एकाच्या कामाचा दुसऱ्याला काही उपयोग झालेला नसतो. काम होतं, पण त्याची कुणाला गरज नव्हती.

म्हणून कुठलंही काम वाटण्याआधी मी एकच प्रश्न विचारावा असं म्हणेन: ही व्यक्ती त्या दिवशी आलीच नाही, तर चर्चेत नेमकं काय अडेल? उत्तर ‘काही नाही’ असं आलं, तर ते काम खरं नाही. नाव कितीही भारदस्त ठेवा. सारांश लिहिणाऱ्याचं काम या परीक्षेत सगळ्यात आधी नापास होतं. पाचही जणांनी तीच पानं वाचलेली आहेत. त्यांना त्याच पानांचा गोषवारा ऐकवून काय मिळणार? ज्यांनी वाचलेलं नाही त्यांची मात्र सोय होते. ते सारांश ऐकून चर्चेत उतरतात, आणि पुढच्या वेळी आणखी दोघं न वाचता येतात.

‘अवघड शब्द’ टिपणाऱ्याचं तेच. दहा शब्द आणि त्यांचे शब्दकोशातले अर्थ कुणीही, पुस्तक न वाचताही, जमवू शकतो. त्याऐवजी ‘या पानांत पुन्हा पुन्हा येणारा एक साधा शब्द शोध आणि तो प्रत्येक वेळी कुणाच्या तोंडी आहे ते लिही’ असं सांगितलं, तर काम एकदम जिवंत होतं. ते करायला वाचावंच लागतं, आणि त्यातून जे सापडतं ते इतर चौघांनी टिपलेलं नसतं. दुवा जोडणाऱ्याचं काम सगळ्यात लवकर भरकटतं, कारण ‘माझ्याही बाबतीत असंच झालं होतं’ हे वाक्य एकदा उच्चारलं की माणूस पुस्तकाकडे परत येत नाही. त्याला एक अट घालावी: दुवा सांगून झाला की त्यामुळे पुस्तकातलं कुठलं वाक्य वेगळं दिसू लागलं, ते पान काढून वाचून दाखवायचं. असं वाक्य सापडलं नाही, तर दुवा मनातच ठेवायचा.

खरं तर कामांची तयार यादी समोर ठेवून वाटप करणं हीच मूळ चूक आहे. प्रत्येक कादंबरी वाचकाला वेगळ्या ठिकाणी दमवते. एखादीत माणसं इतकी असतात की कोण कुणाचं कोण हे कळत नाही. एखादीत काळ मागेपुढे होतो. एखादीत फक्त तीन माणसं असतात, पण सांगणारा विश्वासाचा आहे की नाही ते शेवटपर्यंत समजत नाही. जिथे कादंबरी दमवते, तिथे काम ठेवायचं. त्यासाठी गट जमवणाऱ्याने पुस्तक आधी एकदा वाचलेलं असावं. ते शक्य नसेल तर निदान पहिली तीस पानं सगळ्यांनी मिळून, कामाशिवाय वाचावीत आणि एकमेकांना विचारावं: ‘तुम्ही कुठे मागे जाऊन पुन्हा वाचलंत?’ त्या जागांतूनच कामं निघतात.

एक उदाहरण घेऊ. कादंबरी कल्पनेतली आहे, पण अशा बांधणीच्या कादंबऱ्या वाचणाऱ्यांच्या हाती नेहमी येतात. पानं २४०, प्रकरणं २२. वडील वारल्यावर तीन भावंडं जुनं घर विकायला एकत्र जमतात. थोरला भाऊ पुष्कळ वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता, तो आता परतला आहे. विषम प्रकरणं धाकटी बहीण ‘मी’ म्हणून सांगते. सम प्रकरणं वडिलांच्या आयुष्यातली, त्रयस्थ निवेदनातली. भाषा सोपी आहे, माणसं मोजकी आहेत. अवघड आहेत त्या तीन गोष्टी. दोन काळ एकमेकांत विणलेले आहेत. बहिणीला सगळं ठाऊक असल्यासारखं ती बोलते, पण त्या वेळी ती लहान होती. आणि घर हेच जणू एक पात्र आहे. कुठली खोली कधी उघडली, याला अर्थ आहे.

मग पाच जणांत कामं अशी पडतात. एकाने काळाचा माग ठेवायचा: कागदावर दोन आडव्या पट्ट्या, वर वडिलांचा काळ, खाली भावंडांचा, आणि प्रत्येक घटना पान क्रमांकासह आपापल्या पट्टीवर. एकाने घराचा नकाशा काढायचा, पण मजकुरात जेवढं आहे तेवढाच. खोलीच्या दाराची दिशा कुठे सांगितली नसेल तर ती बाजू कोरी सोडायची, अंदाजाने भरायची नाही. एकीने निवेदिकेची साक्ष तपासायची: बहीण जे सांगते त्यातलं तिने स्वतः पाहिलेलं काय, कुणाकडून ऐकलेलं काय आणि मनाने जोडलेलं काय, असे तीन रकाने. चौथ्याने उतारे निवडायचे, पाचवीने प्रश्न काढायचे.

यात चित्र, शब्द, सारांश, दुवा यातलं काहीच नाही, आणि ते इथे नसावंच. दुसऱ्या कादंबरीत कदाचित शब्दांचं कामच मुख्य ठरेल. पाच माणसं आहेत म्हणजे पाच कामं. उगाच आठ काढून काहींवर दोन-दोन लादू नयेत. गट चारपेक्षा लहान असला की एक गैरहजेरी पडली तरी बैठक कोलमडते. सहापेक्षा मोठा झाला की तासाभरात प्रत्येकाला बोलायला दहा मिनिटंही येत नाहीत, आणि मग दोघं-तिघं बोलतात, बाकीचे प्रेक्षक होतात. पाच हा आकडा मला सगळ्यात सुखाचा वाटतो.

आता पानांचं वाटप. २४० भागिले ५ म्हणजे दर भेटीला ४८ पानं, असा सरळ हिशेब करण्याचा मोह होतो. तो टाळावा. भाग तिथे तोडायचा जिथे एखादा प्रश्न उघडा पडलेला आहे. प्रश्न मिटला तिथे तोडला तर चर्चेला उरतं काय? आपल्या कादंबरीत पहिला भाग १ ते ३८ पानांचा, चार प्रकरणांचा. मुद्दाम लहान, कारण लोक कामाला नवे आहेत. दुसरा ३९ ते ९२, पाचव्या प्रकरणापासून नवव्याच्या शेवटापर्यंत. नवव्या प्रकरणाच्या शेवटी बहीण भाऊ गेल्याची पहाट सांगते, आणि तिथेच थांबायचं. पुढचे तीन भाग १४६, १९६ आणि २४० या पानांवर संपतात. मध्यम वेगाने एका पानाला दोन मिनिटं धरली, तर ५४ पानांना पावणेदोन तास लागतात. कामाचा वेळ याच्या पाव हिश्शापेक्षा, म्हणजे साधारण २५ मिनिटांपेक्षा जास्त होऊ देऊ नये. त्यापलीकडे गेलं की माणूस आधी काम उरकतो आणि वाचन त्या कामापुरतं करतो. साक्षीचे तीन रकाने भरायचे म्हणून कुणी फक्त विषम प्रकरणं चाळली, तर ते काम वाचनाच्या मुळावर उठलं असं समजावं.

कामं वाटण्याआधी ती एकदा सगळ्यांनी हाताळून पाहिलेली असावीत. चार-पाच पानांची एखादी कथा घ्यावी आणि पाचही जणांनी एकच काम एकाच वेळी करावं, वीस मिनिटं. पाच जणांनी एकाच कथेतून निवडलेले उतारे शेजारी शेजारी ठेवले की चांगला उतारा म्हणजे काय हे वेगळं समजवावं लागत नाही. प्रश्नांचंही तसंच. ही पायरी गाळली की पहिल्या दोन भेटी ‘म्हणजे मी नक्की काय करायचं होतं?’ यातच जातात. वेळ वाचवण्याच्या भरात बहुतेक गट नेमकी हीच पायरी गाळतात.

प्रश्न आणि उतारा ही दोन कामं सोपी वाटतात. त्यांतच सर्वांत जास्त गफलती होतात, म्हणून त्यांच्याबद्दल थोडं सविस्तर.

प्रश्न काढणाऱ्याने तीनच आणावेत. दहा आणले की त्यांची प्रश्नपत्रिका होते. ‘भाऊ घर सोडून का गेला?’ हा प्रश्न चांगला वाटतो, पण त्याचं उत्तर एका वाक्यात देता येतं आणि ते दिल्यावर सगळे गप्प होतात. प्रश्न पारखायच्या दोन कसोट्या आहेत. एक, उत्तर द्यायला पुस्तकातल्या किमान दोन जागा उघडाव्या लागतात का? दुसरी, प्रश्न काढणाऱ्याला स्वतःला उत्तर ठाऊक आहे का? ठाऊक असेल तर तो प्रश्न परीक्षकाचा आहे, वाचकाचा नाही. ‘भाऊ गेल्याचं बहीण एवढ्या बारकाईने सांगते, पण मधल्या भावाला त्यातलं काहीच का आठवत नाही?’ हा प्रश्न दोन्ही कसोट्यांवर उतरतो. तो वाचताना अडखळल्यामुळे सुचलेला असतो. प्रश्न काढायला बसून असे प्रश्न सुचत नाहीत. म्हणून प्रश्न काढणाऱ्याने वाचतानाच, जिथे भुवया उंचावल्या तिथे समासात खूण करत जावं आणि शेवटी त्या खुणांतून तीन निवडावेत.

उतारे दोन, फार तर तीन, प्रत्येकी पाच ते बारा ओळींचे. निवडण्याचं कारण एका वाक्यात लिहून ठेवायचं, पण ते आधी सांगायचं नाही. उतारा मोठ्याने वाचायचा, पुस्तकं उघडी ठेवून सगळ्यांनी डोळ्यांनी सोबत यायचं, मग इतरांना विचारायचं: ‘यात तुम्हाला काय दिसलं?’ निवडणाऱ्याने शेवटी बोलायचं. त्याने आधी कारण सांगितलं तर बाकीचे माना डोलावतात आणि विषय संपतो. नकाशाबाबतही हाच नियम. नकाशा टेबलाच्या मधोमध ठेवायचा, तो काढणाऱ्याने गप्प राहायचं, आणि इतरांनी तो वाचायचा. कुणी म्हणतं, ‘अरे, स्वयंपाकघर असं मागे आहे? मला पुढे वाटलं होतं.’ मग पान शोधलं जातं.

आता दुसरी भेट पाहू. पानं ३९ ते ९२, वेळ एक तास.

पहिली पाच मिनिटं फक्त एक गोष्ट: मागच्या भेटीत कुठला प्रश्न उरला होता. मग सगळ्यांनी आपापले कागद पालथे घालायचे. हे महत्त्वाचं आहे. कागद समोर सुलटा असला की माणूस तो वाचतो. पालथा असला की ऐकतो, आणि गरज पडली तर उलटतो. प्रश्न काढणारी आपला पहिला प्रश्न मांडते, तोच वरचा, बहिणीच्या आठवणीबद्दलचा. थोडा वेळ मतं येतात: ती हळवी होती, तिचं भावावर जास्त प्रेम होतं, मधला विसरला असेल. अजून सगळं हवेत आहे.

तेव्हा उतारे निवडणारा म्हणतो, माझा एक उतारा नेमका तिथलाच आहे. पान ८८, नऊ ओळी. बहीण सांगते की ती आपल्या खोलीच्या खिडकीत उभी होती, पहाट होत होती, दादाने फाटकाची ओली कडी हळूच उचलली, खांद्यावरची पिशवी सावरली आणि एकदाही मागे न बघता तो गेला. उतारा निवडण्यामागचं त्याचं कारण साधंच होतं: वर्णन सुंदर आहे, ओली कडी डोळ्यांसमोर येते. त्यात काही खटकण्यासारखं आहे हे त्याच्या लक्षात आलेलं नाही.

नकाशावाला आपला कागद उलटतो आणि थबकतो. पाचव्या प्रकरणात, पान ४१ वर, बहिणीची खोली घराच्या मागच्या अंगाला आहे आणि खिडकी विहिरीकडे उघडते. फाटक मात्र पुढे, रस्त्याच्या बाजूला आहे. ते वडिलांच्या प्रकरणात, पान ५२ वर, ते स्वतः बसवतात तेव्हा आलं आहे. त्या खिडकीतून फाटक दिसत नाही.

काळाचा माग ठेवणारा त्याच्या पट्टीवर बोट ठेवतो. आठव्या प्रकरणात, पान ७४ वर, मुलगा गेल्यानंतरच्या संध्याकाळी वडील धाकटीला मांडीवर घेऊन अक्षरं गिरवायला शिकवतात. म्हणजे तेव्हा ती जेमतेम पाच वर्षांची असणार. आणि साक्ष तपासणारी पहिल्या भेटीतलाच कागद काढते, कारण तिच्या ‘ऐकलेलं’ या रकान्यात तिसऱ्या प्रकरणातली, पान २६ वरची एक नोंद आहे: ‘आई सांगायची, पहाटेच गेला, मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.’ मागे वळून न पाहणं हे आईचं वाक्य आहे. ते बहिणीच्या ‘पाहिलेलं’ या रकान्यात आता, नवव्या प्रकरणात, शिरलं आहे.

यातली एकही नोंद एकटीने काही सांगत नव्हती. खोली मागे आहे, ही नुसती माहिती. मुलगी पाच वर्षांची, हीही नुसती माहिती. उताऱ्यातली भाषा तर सगळ्यांना मोहवणारीच होती. चार नोंदी एका जागी आल्या तेव्हा कळलं की बहीण तिने कधीच न पाहिलेली गोष्ट, आईच्या एका वाक्यावरून, एवढ्या बारकाव्यांनिशी उभी करते आहे; आणि जिथे बारकावे जास्त, तिथेच ती कमी विश्वासाची आहे. इथून पुढे गट ही कादंबरी वेगळ्या नजरेने वाचणार. आता एक गंमत पाहा: याच पानांचा सारांश कुणी लिहिला असता, तर त्यात एवढंच असतं की थोरला भाऊ पहाटे घर सोडून गेला. सारांशाने नेमकी ती खिडकीच पुसून टाकली असती.

ही चर्चा चालायला २५ मिनिटंसुद्धा लागू शकतात, आणि लागू द्यावीत. दुसरा-तिसरा प्रश्न राहिला तरी चालतं. प्रत्येकाचा कागद वाचून झालाच पाहिजे असा आग्रह धरणारा सूत्रधार इथेच चर्चेचा गळा घोटतो. ‘छान, आता पुढचा प्रश्न’ हे शब्द अशा वेळी फार महागात पडतात. चर्चा नीट चालली आहे की नाही हे ओळखायची माझ्या मते सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे पानं उलटण्याचा आवाज. दहा मिनिटांत कुणीही पान उलटलं नाही, तर काहीतरी बिघडलं आहे: एक तर लोक कागद वाचताहेत, नाही तर पुस्तकाबाहेर गेले आहेत. तेव्हा सूत्रधाराने मत देऊ नये. ‘हे कुठल्या पानावर दिसतं?’ एवढंच विचारावं.

साक्ष तपासणारीला पहिल्या भेटीतला कागद कामाला आला, यात वाटपाचा एक मुद्दा दडला आहे. दर भेटीला सगळी कामं फिरवायची हा नियम न्याय्य वाटतो, पण माग ठेवण्याच्या कामांची त्याने वाट लागते. काळाची पट्टी नव्या हातात गेली की मागच्या नोंदींची आठवण तुटते. म्हणून काळ, नकाशा आणि साक्ष ही तीन कामं पहिल्या दोन भेटी त्याच तिघांकडे ठेवावीत. प्रश्न आणि उतारा या दोन कामांना मागचं ओझं नसतं; ती उरलेल्या दोघांनी आपसात अदलाबदल करून करावीत. तिसऱ्या भेटीला मोठी फेरपालट: त्या दोघांनी मागाची दोन कामं घ्यायची, तिसरं आधीच्या तिघांपैकी एकाने, आणि उरलेल्या दोघांनी प्रश्न नि उतारा. कागद पुढे देताना त्यावर तीन ओळी लिहून द्यायच्या: काय नक्की झालं, काय संशयास्पद आहे, कशाची वाट बघायची. या तीन ओळींशिवाय दिलेला कागद घेणाऱ्याला ओझं वाटतो, आणि तो नव्याने सुरुवात करतो.

कुणाला कुठलं काम द्यावं? पहिल्यांदा निवडू द्यावं. माणूस आपल्या बळाचं काम निवडतो, आणि त्याने पहिली भेट सुकर होते. फेरपालटीच्या वेळी मात्र उलटं करावं. जो खूप बोलतो त्याला उतारे द्यावेत, कारण त्या कामाचा नियमच शेवटी बोलण्याचा आहे. जी गप्प असते तिला प्रश्नांचं काम द्यावं. बोलायला काय घ्यावं हे तिला ऐन वेळी शोधावं लागत नाही. पहिलं वाक्य घरून लिहून आणलेलं असतं आणि चर्चा तिच्याच वाक्याने सुरू होते. गप्प माणसाला नोंदी घेण्याचं काम देऊन कोपऱ्यात बसवतात, ते मला अजिबात पटत नाही. तिला बोलण्यापासून सुटका मिळते आणि गट तिला गमावतो.

काही अडचणी मात्र नियमाने बांधून घ्याव्या लागतात. कुणी येणार नसेल तर त्याने कागदाचा फोटो आदल्या दिवशी गटात पाठवायचा. मागाचं काम असेल तर ही अट सक्तीची. ज्याचं वाचन झालं नाही त्याने यायचं, बसायचं, ऐकायचं, पण न वाचलेल्या पानांबद्दल अंदाज बांधायचा नाही. ज्याने पुढचं सगळं वाचून टाकलं आहे, त्याचा त्रास उलट जास्त. त्याच्या प्रश्नांतून शेवट डोकावतो, नकाशात अजून न उघडलेली खोली आधीच काढलेली असते. त्याला कागदाच्या डोक्यावर मर्यादेचं पान लिहायला सांगावं, ‘पान ९२ पर्यंत’, आणि प्रत्येक नोंदीपुढे पान क्रमांक हवाच. मग चूक त्याची त्यालाच दिसते. आणि पाच जणांकडे वेगवेगळ्या आवृत्त्या किंवा एखाद्याकडे मोबाइलवरचं पुस्तक असेल, तर पान क्रमांक जुळत नाहीत आणि निम्मी बैठक ‘कुठे आहे, कुठे आहे’ यात जाते. अशा वेळी प्रकरण आणि त्यातला कितवा परिच्छेद, ही पद्धत पहिल्या दिवशीच ठरवून टाकावी.

भेटीच्या शेवटची पाच मिनिटं दोन प्रश्नांसाठी राखावीत. आज कुणाच्या नोंदीने माझं मत बदललं? आणि कुठला कागद आज उलटावाच लागला नाही? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दोन भेटी लागोपाठ एकच आलं, तर ते काम बंद करायचं. यात ते काम करणाऱ्याचा कमीपणा नाही. कादंबरीला त्या कामाची गरज राहिलेली नसते. आपल्या उदाहरणात तिसऱ्या भागात भावंडं घराबाहेर, वकिलाकडे आणि नातेवाइकांकडे हिंडत असतील, तर नकाशा मुका होणार. त्या जागी नवं काम काढायचं: घराच्या विक्रीबद्दल कोण कुणाशी काय बोलतं आणि कुणापासून काय लपवतं.

चौथ्या भेटीपासून कागद बाजूला ठेवावेत. प्रत्येकाला पानावर चिकटवायच्या फक्त पाच कागदी पट्ट्या द्याव्यात. वाचताना जिथे प्रश्न पडला, जिथे भाषेने थांबवलं, जिथे काळाचा किंवा साक्षीचा मेळ बसला नाही, तिथे पट्टी लावायची आणि तिच्यावर चार शब्द लिहायचे. पाचच का? कारण सहावी लावायची झाली तर आधीची एखादी काढावी लागते, आणि ती काढताना निवड करावी लागते. पहिल्या तीन भेटींत प्रत्येकाने दोन-तीन कामं केलेली असतात, त्यामुळे आता नेमून दिलं नसलं तरी खिडकीचं वर्णन आलं की ती कुठल्या बाजूला उघडते हे पाचही जण बघतात. तसं होत नसेल, पट्ट्या सगळ्या पहिल्या दहा पानांतच संपत असतील किंवा सगळ्यांवर ‘छान’ एवढंच लिहिलेलं असेल, तर घाई झाली असं समजून आणखी एका भेटीपुरते कागद परत आणावेत.

शेवटच्या भेटीला पाच पुस्तकं टेबलावर शेजारी शेजारी उघडी ठेवावीत आणि आधी फक्त पट्ट्या कुठे आहेत तेवढं पाहावं. एखाद्या पानावर पाचांपैकी चौघांच्या पट्ट्या असतात. सुरुवात तिथून न करता, ज्या पानावर एकट्याचीच पट्टी आहे तिथून करावी, आणि बाकीच्या चौघांनी ते पान पुन्हा वाचावं.